उकळून जातो तो आणि उरतो तो: बोअरच्या पाण्याचा कठीणपणा

शहराच्या कडेला वाढलेल्या वसाहतींमध्ये नळाचं पाणी थोडं आणि बोअरचं किंवा टँकरचं पाणी जास्त, अशी परिस्थिती सर्रास दिसते. तिथल्या तक्रारीही ठरलेल्या. साबणाला फेस येत नाही, केस राठ होतात, तोट्यांवर पांढरी पुटं चढतात, गीझरची कॉइल लवकर जळते आणि डाळ कितीही शिजवली तरी दाणा दाण्याला लागत नाही. उपाय सुचवणारेही बरेच भेटतात. कोणी पाणी उकळून घ्या म्हणतं, कोणी धुण्याचा सोडा टाका म्हणतं, कोणी घरभर पुरेल असा सॉफ्टनर बसवायला सांगतं, तर कोणी शॉवरला लावायचा छोटा फिल्टर विकायला येतं.

यातला प्रत्येक उपाय कुठल्या ना कुठल्या पाण्याला लागू पडतो. मात्र सगळ्या पाण्यांना सगळे उपाय लागू पडत नाहीत. आपल्या पाण्याला काय लागू पडेल हे प्रयोगशाळेच्या अहवालातल्या दोन आकड्यांवरून आणि थोड्याशा गुणाकार-भागाकारावरून ठरवता येतं.

खडकातून पाण्यात

पावसाचं पाणी जवळजवळ निखळ असतं. धरणात साठलेलं पाणीही बहुधा मऊच राहतं, कारण त्याचा खडकाशी संबंध वरवरचा आणि थोड्या काळाचा असतो. जमिनीत मुरणाऱ्या पाण्याचं तसं नाही. मातीतल्या मुळांच्या आणि जिवाणूंच्या श्वसनातून बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो आणि पाणी किंचित आम्लधर्मी होतं. असं पाणी वर्षानुवर्षं खडकाच्या भेगांमधून झिरपत राहिलं की खडक झिजतो आणि त्यातली खनिजं पाण्यात उतरतात.

महाराष्ट्राचा बराचसा भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. या खडकाच्या खनिजांत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही भरपूर असतात. म्हणून आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात एकट्या कॅल्शियमवर भागत नाही, मॅग्नेशियमचाही वाटा मोठा असतो. उपाय निवडताना हा मुद्दा फार उपयोगी पडतो, पुढे तो पुन्हा येईलच.

पाण्याचा कठीणपणा म्हणजे मुख्यतः या दोन धातूंचे विरघळलेले आयन. शाळेच्या पुस्तकात अशा पाण्याला दुष्फेन म्हटलेलं असतं, कारण साबण त्यात फेस देण्याऐवजी या आयनांशी संयोग पावून चिकट, न विरघळणारा साका बनतो. बादलीच्या कडेला बसणारी राखाडी रेघ आणि धुतल्यावर पांढऱ्या कपड्यांवर येणारी कळकट छटा त्याचीच. डाळीचंही कारण हेच. डाळीच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणाऱ्या पेक्टिनला कॅल्शियम आणखी घट्ट करतं, म्हणून दाणा फुटत नाही.

कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पाण्यात एकटे राहत नाहीत, प्रत्येकाला ऋणभाराचा जोडीदार लागतो. जोडीदार बायकार्बोनेट असेल तर पाणी उकळल्यावर तो टिकत नाही. त्यातून कार्बन डायऑक्साइड उडून जातो, उरलेल्या कार्बोनेटला धरून कॅल्शियम पांढऱ्या चुन्याच्या रूपात खाली बसतं आणि तेवढा कठीणपणा कमी होतो. याला तात्पुरता कठीणपणा म्हणतात. जोडीदार सल्फेट, क्लोराइड किंवा नायट्रेट असेल तर तासभर उकळलं तरी फरक पडत नाही. हा झाला कायमचा कठीणपणा. ‘कायमचा’ या शब्दाने बिचकून जायचं कारण नाही. उकळून जात नाही एवढाच त्याचा अर्थ, सोड्याने किंवा रेझीनने तोही निघतो.

अहवालातले दोन आकडे

पाण्याच्या अहवालात ‘तात्पुरता’ आणि ‘कायमचा’ असे रकाने बहुधा नसतात. त्यात ‘टोटल हार्डनेस’ म्हणजे एकूण कठीणपणा आणि ‘टोटल अल्कलिनिटी’ म्हणजे अल्कता असते. दोन्ही आकडे ‘CaCO3 च्या रूपात, मिलिग्रॅम प्रति लिटर’ असे दिलेले असतात. पाण्यात प्रत्यक्ष कोणतेही क्षार असोत, सगळे तेवढ्याच ताकदीच्या चुन्यात मोजले आहेत, असा त्याचा अर्थ. एकाच मापात असल्यामुळे हे आकडे एकमेकांतून सरळ वजा करता येतात.

साधारण भूजलात अल्कता म्हणजे जवळपास सगळं बायकार्बोनेटच. त्यामुळे नियम सोपा होतो. अल्कता कठीणपण्याहून कमी असेल, तर अल्कतेइतका कठीणपणा तात्पुरता आणि उरलेला कायमचा. अल्कता कठीणपण्याइतकी किंवा त्याहून जास्त असेल, तर सगळाच कठीणपणा तात्पुरता.

उदाहरणादाखल बेसॉल्टमधल्या बोअरचा असू शकेल असा एक अहवाल घेऊ. एकूण कठीणपणा 450, अल्कता 280. म्हणजे तात्पुरता कठीणपणा 280 आणि कायमचा 170. अहवालात कॅल्शियम 100 मिलिग्रॅम आणि मॅग्नेशियम 49 मिलिग्रॅम असं वेगळं दिलेलं आहे. कॅल्शियमला 2.5 ने आणि मॅग्नेशियमला 4.1 ने गुणलं की तेही चुन्याच्या मापात येतात: सुमारे 250 आणि 200. दोघांची बेरीज 450, म्हणजे अहवाल आपल्याशी जुळतो. ही बेरीज बरीच चुकत असेल तर नमुना पुन्हा तपासून घ्यावा.

भारतीय मानक आयएस 10500 पिण्याच्या पाण्यासाठी 200 पर्यंतचा कठीणपणा स्वीकारार्ह मानतं आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतं. म्हणजे आपलं 450 चं पाणी कठीण आहे, पण पिण्याला बाद नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही कठीणपणासाठी आरोग्याच्या आधारावर कोणतीही मर्यादा घातलेली नाही. कठीण पाण्याचा खरा त्रास कपड्यांना, भांड्यांना, पाइपांना आणि गीझरला होतो. म्हणून पुढचा सगळा हिशेब घरकामाच्या पाण्याचा आहे.

उकळलं तर काय होईल

पुस्तकी गणित सांगतं की 450 चं पाणी उकळलं की 280 जाईल आणि 170 उरेल. प्रत्यक्षात तसं होत नाही आणि याचं कारण मॅग्नेशियम आहे. उकळताना कॅल्शियम चुना होऊन बसतं, कारण कॅल्शियम कार्बोनेट पाण्यात फारच थोडं विरघळतं. मॅग्नेशियम कार्बोनेट मात्र त्यामानाने बरंच विरघळतं. पाणी खूप वेळ उकळत राहिलं तरच मॅग्नेशियम हळूहळू हायड्रॉक्साइड बनून खाली येतं. दहा मिनिटांच्या उकळीत त्याला फारसा धक्का लागत नाही.

आपल्या पाण्यात कॅल्शियमचा वाटा 250 आहे. त्यातला 30-40 इतका चुना पाण्यात विरघळलेलाच राहतो, बाकीचा बसतो. मॅग्नेशियमचे 200 जवळपास तसेच. म्हणजे उकळून, निवळून घेतलेल्या पाण्याचा कठीणपणा 220 ते 250 च्या आसपास भरेल. पाणी निम्म्यावर आलं हे खरं, पण मऊ झालं असं म्हणता येणार नाही.

निवळून घेणं इथे महत्त्वाचं. उकळलेलं पाणी गार होईपर्यंत हलवू नये, वरचं पाणी ओतून घ्यावं आणि तळातला गाळ टाकून द्यावा. गाळासकट वापरलं तर चुन्याचे कण कपड्यात अडकतात आणि आम्ल काही लागलं की पुन्हा विरघळतात.

आता इंधनाचा हिशेब. वीस लिटरची बादली 25 अंशांपासून उकळीपर्यंत न्यायला सुमारे 6,300 किलोज्यूल उष्णता लागते. घरगुती शेगडी गॅसच्या उष्णतेतली साधारण 60 टक्के भांड्यापर्यंत पोहोचवते असं धरलं, तर एका बादलीला सुमारे 230 ग्रॅम गॅस जळतो. 14.2 किलोचा सिलिंडर साठेक बादल्यांत संपेल आणि त्यातून मिळेल ते पाणी अर्धंच मऊ असेल. म्हणून कठीणपणा घालवण्यासाठी पाणी उकळणं हा घरकामाचा उपाय नाही. जंतू मारण्यासाठी पिण्याचं पाणी उकळत असाल, तर त्यासोबत थोडा कठीणपणाही कमी होतो, एवढंच.

याच रसायनाचा उलटा अनुभव गीझर देतो. तिथे आपण पाणी मऊ करायला जात नाही, पण कॉइलजवळचं पाणी तापून तात्पुरता कठीणपणा थेट कॉइलवरच बसतो. चुना उष्णता नीट वाहू देत नाही, त्यामुळे कॉइल आतून अधिकच तापते आणि शेवटी जळते. पाणी जितकं गरम, तितका चुना वेगाने साचतो. थर्मोस्टॅट 70 वरून 50-55 अंशांवर आणला तर पुटं चढण्याचा वेग बराच कमी होतो आणि त्याला एक पैसाही लागत नाही. गीझरमध्ये किंवा किटलीत जमलेलं पुट चुन्याचंच आहे का, हे पाहायचं असेल तर त्याच्या तुकड्यावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस टाकावा. बुडबुडे आले तर तो कॅल्शियम कार्बोनेट आहे आणि त्याच व्हिनेगरने तो काढताही येतो.

बादलीतला सोडा

कपडे धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. खायचा सोडा वेगळा, तो सोडियम बायकार्बोनेट. डाळ शिजावी म्हणून काही घरांत चिमूटभर टाकतात तो खायचा. धुण्याचा सोडा अन्नात कधीही घालू नये, तो तोंड आणि अन्ननलिका भाजू शकतो. डबे वेगवेगळे ठेवून त्यांवर नावं लिहिलेली बरी.

धुण्याचा सोडा पाण्यात टाकला की त्यातलं कार्बोनेट कॅल्शियमला गाठतं आणि चुना बनून खाली बसतं. कॅल्शियमचा जोडीदार बायकार्बोनेट होता की सल्फेट, याच्याशी सोड्याला काही देणंघेणं नसतं. म्हणून तात्पुरता आणि कायमचा असा दोन्ही कठीणपणा सोड्याने उतरतो. मॅग्नेशियमच्या बाबतीत तो थोडा अडखळतो. सोड्यामुळे पाणी जास्त अल्कधर्मी होतं आणि काही मॅग्नेशियम त्यामुळे हायड्रॉक्साइड होऊन बसतं, पण सगळं नाही. कारखान्यांत म्हणूनच सोड्याबरोबर चुनाही वापरतात. पाणी मऊ करण्यासाठी चुना वापरण्याची पद्धत ॲबर्डीनचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक थॉमस क्लार्क यांनी 1841 मध्ये पेटंट केली होती.

मात्रा काढणं सोपं आहे. वीस लिटरच्या बादलीत 450 कठीणपणाचं पाणी म्हणजे 9 ग्रॅम चुन्याइतका कठीणपणा. दर ग्रॅमला 1.06 ग्रॅम कोरडा सोडा लागतो, म्हणजे बादलीला साडेनऊ ग्रॅम, चहाचे दोन सपाट चमचे. दुकानात मिळणारी पांढरी पूड बहुधा हीच. सोडा पारदर्शक खड्यांचा असेल तर त्यात निम्म्याहून जास्त वजन पाण्याचं असतं, तेव्हा तोच हिशेब 26 ग्रॅमवर जातो.

आता साबणाचा हिशेब त्याशेजारी मांडू. सोडा न टाकता थेट साबण वापरला, तर फेस येण्याआधी तो कॅल्शियम-मॅग्नेशियमशी खपतो. एक ग्रॅम कठीणपणा सहा ग्रॅमहून जास्त साबण गिळतो. बादलीतल्या 9 ग्रॅमला सुमारे 55 ग्रॅम साबण, म्हणजे अर्ध्या वडीच्या आसपास, नुसता साका होण्यात जातो. तो सगळा साका कपड्यांवर आणि बादलीवर बसतो ते वेगळंच. दहा ग्रॅम सोडा हे काम काही पैशांत करतो. बाजारातल्या डिटर्जंट पावडरी कठीण पाण्यात वडीपेक्षा बऱ्या चालतात, त्याचं एक कारण हेच की त्यांत सोडा आधीच घातलेला असतो.

क्रम मात्र पाळला पाहिजे. सोडा मगभर गरम पाण्यात विरघळवून बादलीत ओतावा, ढवळावा आणि किमान अर्धा तास थांबावं. गार पाण्यात चुना हळू बसतो, पाणी कोमट असेल तर लवकर. पाणी आधी दुधाळ दिसेल, मग तळाशी पांढरा थर जमेल. वरचं पाणी फडक्यातून दुसऱ्या बादलीत घ्यावं आणि त्यानंतरच साबण लावावा. सोडा आणि साबण एकदम टाकले तर साबण आधी कठीणपणाशी भिडतो आणि सोड्याचा अर्धा फायदा वाया जातो. न निवळता वापरलं तर चुन्याची पूड कपड्यांत बसून टॉवेल खरखरीत होतात.

मात्रा बरोबर आहे का, हे हात सांगतो. साबण लगेच फेसाळला तर पुरे. पाणी हाताला बुळबुळीत लागलं आणि नंतर कातडी कोरडी पडून ताणली गेली, तर सोडा जास्त झाला. रेशमी आणि लोकरी कपड्यांना सोड्याचं पाणी लावू नये, त्यांचे धागे प्रथिनांचे असतात आणि अल्कलीने खराब होतात. ॲल्युमिनियमची भांडीही त्यात काळी पडतात. आंघोळीला आणि पिण्याला हे पाणी अर्थातच नाही.

सोडियम कार्बोनेट निसर्गातही सापडतं. आपल्या बुलडाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं पाणी त्यामुळेच इतकं अल्कधर्मी आहे आणि तिथला खार पूर्वी काढून विकला जात असे.

रेझीन: अदलाबदलीचा उपाय

उकळणं आणि सोडा, दोन्हींत कठीणपणा गाळ बनून बाहेर येतो. तिसऱ्या उपायात गाळ होतच नाही. सॉफ्टनरच्या उभ्या टाकीत साबुदाण्याहून बारीक, पिवळसर-तपकिरी मणी भरलेले असतात. हे मणी पॉलिस्टायरीनच्या प्लास्टिकचे. त्यावर रासायनिक प्रक्रिया करून ऋणभाराची असंख्य ठिकाणं तयार केलेली असतात आणि प्रत्येक ठिकाणी एक सोडियम आयन बसवलेला असतो. पाणी या मण्यांमधून जाताना कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम त्या ठिकाणांवर बसतं आणि दोन सोडियम पाण्यात जातात. दुहेरी भाराचे आयन मण्यांना जास्त घट्ट चिकटतात, म्हणून ही अदलाबदल आपोआप होते. जोडीदार बायकार्बोनेट असो की सल्फेट, मण्यांना फरक पडत नाही आणि मॅग्नेशियमही सुटत नाही. नव्याने भरलेल्या रेझीनमधून 450 चं पाणी जवळपास शून्य कठीणपणाने बाहेर येतं.

काही काळाने सगळी ठिकाणं भरतात आणि अदलाबदल थांबते. तेव्हा टाकीतून मिठाचं दाट पाणी, साधारण 10 टक्क्यांचं, हळूहळू सोडतात. पातळ पाण्यात मणी कॅल्शियमला जी पसंती देतात, ती दाट मिठाच्या पाण्यात बरीच कमी होते. शिवाय सोडियमची तिथे झुंबड असते, त्यामुळे कॅल्शियम-मॅग्नेशियम सुटतं, मोरीत जातं आणि मणी पुन्हा सोडियमने भरतात. याला रिजनरेशन म्हणतात. मातीत असे आयन बदलले जातात हे इंग्लंडमध्ये 1850 च्या सुमारास दिसून आलं होतं. 1935 मध्ये ॲडम्स आणि होम्स या दोन इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी कृत्रिम रेझीन बनवलं आणि आजच्या पॉलिस्टायरीन मण्यांचा मार्ग खुला झाला.

टाकी किती मोठी हवी, याचा हिशेब विक्रेत्यावर सोडू नये. चार माणसांचं घर आंघोळ, कपडे आणि भांडी मिळून रोज 300 लिटर पाणी सॉफ्टनरमधून घेतं असं धरू. 300 लिटर गुणिले 0.45 ग्रॅम, म्हणजे रोज 135 ग्रॅम कठीणपणा. एक लिटर रेझीन व्यवहारात सुमारे 50 ग्रॅम कठीणपणा धरतं. 15 लिटर रेझीन असेल तर 750 ग्रॅम, म्हणजे साडेपाच दिवस. दर पाचव्या दिवशी रिजनरेशन केलं तर सुरक्षित. दर वेळी लिटरमागे 120 ग्रॅम या दराने 1.8 किलो मीठ लागेल, महिन्याला सुमारे 11 किलो. त्या वेळी धुण्यात सव्वाशे-दीडशे लिटर पाणीही जाईल, म्हणजे पाच दिवसांत मऊ केलेल्या पाण्याच्या जवळपास दहावा भाग.

याच पट्टीने शॉवरला लावायचा छोटा फिल्टर मोजून पाहा. त्यात 100 मिलिलिटर रेझीन असलं तर ते 5 ग्रॅम कठीणपणा धरेल. आपल्या 450 च्या पाण्याचे 11 लिटर, अर्धी बादली गेली की ते संपलं. पहिल्या आंघोळीलाच फेस येतो आणि ग्राहक खूश होतो, पण दुसऱ्या दिवसापासून नुसती डबी शॉवरला लटकत राहते. गाळ अडवायला अशा डब्या उपयोगी असू शकतात, कठीणपणासाठी नाहीत.

सॉफ्टनर चालतो आहे की नाही हे टीडीएस मीटरने कळत नाही, हेही लक्षात ठेवावं. कॅल्शियमच्या 20 ग्रॅमच्या जागी सोडियमचे 23 ग्रॅम येतात, म्हणजे विरघळलेले क्षार कमी न होता किंचित वाढतात. मीटरवरचा आकडा दाखवून कोणी सॉफ्टनर निकामी ठरवला किंवा उत्तम ठरवला, तर दोन्ही चूक. कठीणपणा मोजण्याचं वेगळं किट मिळतं. त्यात नमुन्याला आधी लालसर रंग येतो, मग मोजून थेंब टाकत जायचं, निळा रंग आला की थेंबांच्या संख्येवरून कठीणपणा कळतो. किट नसेल तर अर्धी बाटली पाण्यात साध्या साबणाचे काही बारीक काप टाकून हलवावं. मऊ पाण्यात दाट फेस उभा राहतो, कठीण पाण्यात पाणी गढूळ होऊन वर साक्याचे तुकडे तरंगतात. डिटर्जंट वापरू नये, तो कठीण पाण्यातही फेस देतो आणि चाचणी फसते.

सॉफ्टनर बिघडतो त्याची कारणं थोडी आणि ओळखण्याजोगी आहेत. सर्वांत नेहमीचं म्हणजे रिजनरेशन विसरणं, मग तोट्यांवर पुटं परत दिसू लागतात. मिठाच्या टाकीत वरच्या बाजूला मिठाचा कडक थर जमतो आणि खाली पोकळी राहते. वरून टाकी भरलेली दिसते, पण पाण्यात मीठ जातच नाही, अशा वेळी काठीने थर फोडावा. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर मण्यांवर तांबूस थर बसतो आणि त्यांची क्षमता उतरते, तिथे सॉफ्टनरच्या आधी लोह काढणारा फिल्टर लागतो. पाण्यात क्लोरीन जास्त असेल तर मणी हळूहळू मऊ पडून फुटतात.

आणि एक मर्यादा रेझीनच्या स्वभावातच आहे. प्रत्येक 100 कठीणपणामागे पाण्यात 46 मिलिग्रॅम सोडियम येतं. आपल्या पाण्यात ते सुमारे 200 मिलिग्रॅम प्रति लिटर वाढेल. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला 2 ग्रॅमपेक्षा कमी सोडियमचा सल्ला देते, तेव्हा दोन लिटर असं पाणी पिणं म्हणजे त्यातला पाचवा भाग पाण्यातूनच आला. रक्तदाब असलेल्यांनी आणि मीठ तोडायला सांगितलेल्यांनी ते पिऊ नये. म्हणून स्वयंपाकघरातला पिण्याचा नळ सॉफ्टनरच्या आधीच्या पाइपावरून घ्यावा. झाडांनाही हे पाणी घालू नये, जादा सोडियमने काळी माती चिकट आणि घट्ट होते. अकोला, अमरावती आणि बुलडाण्याच्या खारपाण पट्ट्यात भूजलात मुळातच सोडियम आणि खारटपणा असतो. तिथे सॉफ्टनर कठीणपणा काढेल, पण पाणी गोड करणार नाही. त्यासाठी क्षार गाळणारं आरओसारखं तंत्र लागतं.

कशाला कोणता उपाय

पिण्यासाठी 450 चं पाणी काही न करता चालतं. गरज वाटली तर ते जंतूंसाठी उकळावं. डाळ शिजत नसेल तर तेवढ्यापुरतं नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वापरावं. घरात फक्त कपड्यांचीच तक्रार असेल तर दोन चमचे सोडा आणि अर्ध्या तासाचा धीर पुरतो, मोठ्या खर्चाची गरज नाही. गीझर, वॉशिंग मशीन आणि पाइप वाचवायचे असतील, कठीणपणा 300 च्या वर असेल आणि त्यात मॅग्नेशियम जास्त असेल, तरच रेझीनचा सॉफ्टनर परवडतो. तोही हिशेब करून घेतलेल्या मापाचा, पिण्याचा नळ वगळून.

म्हणून कोणतंही यंत्र घेण्याआधी पाण्याची चाचणी करून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, खासगी प्रयोगशाळाही आहेत. अहवाल घेताना एकूण कठीणपणा, अल्कता, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह हे पाच आकडे मागून घ्या. मग विक्रेत्याला विचारा की टाकीत रेझीन किती लिटर आहे. याचं उत्तर तो देऊ शकला नाही, तर ते यंत्र घेऊ नका.